अर्ध्या उत्तरातून पूर्ण उत्तर: व्हर्टेक्स कव्हर आणि दुपटीची हमी

एक मोठी इमारत आहे, तिच्यात बरेच कॉरिडॉर आहेत आणि ते जिथे एकमेकांना मिळतात तिथे कोपरे आहेत. एखाद्या कोपऱ्यावर कॅमेरा बसवला की तिथे येऊन मिळणारे सगळे कॉरिडॉर त्यात दिसतात. प्रत्येक कॉरिडॉर निदान एका टोकाकडून दिसला पाहिजे आणि कॅमेरे कमीत कमी लागले पाहिजेत. कोपऱ्यांना बिंदू म्हणा, कॉरिडॉरना रेघा म्हणा, म्हणजे झाला ग्राफ. असे बिंदू निवडायचे की प्रत्येक रेघेचं निदान एक टोक निवडलेलं असेल. अशा निवडीला व्हर्टेक्स कव्हर म्हणतात आणि आपल्याला सर्वांत लहान कव्हर हवं आहे.

हा प्रश्न ऐकायला जेवढा सरळ, तेवढाच सोडवायला अवघड आहे. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी २१ प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी दिली, तिच्यात हा आहे. एनपी-कम्प्लीट, म्हणजे प्रत्येक ग्राफवर अचूक आणि झटपट चालेल अशी पद्धत कुणालाही सापडलेली नाही, आणि ती सापडली तर त्या यादीतले सगळेच प्रश्न झटपट सुटतील. म्हणून माणसं तडजोड करतात: अगदी लहान नको, पण सर्वांत लहान कव्हरच्या दुपटीपेक्षा मोठं नसेल असं कव्हर पटकन द्या.

इथे एक खरीखुरी अडचण आहे आणि मला ती या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. सर्वांत लहान कव्हर केवढं आहे हे आपल्याला माहीत नाही. मग आपलं उत्तर त्याच्या दुपटीच्या आत आहे हे सांगायचं कशाच्या जोरावर? जे पाहिलंच नाही त्याच्याशी तुलना कशी करायची? त्यासाठी मध्ये एक तिसरी संख्या लागते. ती खऱ्या उत्तरापेक्षा कधीच मोठी नसावी आणि पटकन काढता यावी. ती हाती असली, की खऱ्या उत्तराऐवजी तिच्याशी तुलना करता येते. लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे बेरजेच्या अटी पाळून एखादी बेरीज कमीत कमी करायची पद्धत, आपल्याला हीच संख्या देतं.

आधी प्रश्न समीकरणांच्या भाषेत मांडू. प्रत्येक बिंदूला एक संख्या द्या: निवडला तर १, नाही तर ०. प्रत्येक रेघेच्या दोन टोकांच्या संख्यांची बेरीज निदान १ हवी, कारण दोन्ही टोकं ० असली तर ती रेघ उघडी राहते. आणि सगळ्या संख्यांची एकूण बेरीज कमीत कमी हवी. हा हुबेहूब मूळ प्रश्नच आहे, फक्त कपडे बदललेले. तो अजूनही तितकाच अवघड आहे.

आता एकच अट सैल करायची. संख्या ० किंवा १ असलीच पाहिजे हा हट्ट सोडायचा आणि ० ते १ मधली कुठलीही चालेल म्हणायचं. ०.३ चालेल, ०.५ चालेल. बाकी सगळं तसंच. याला रिलॅक्सेशन म्हणतात. अट सैल केली की प्रश्न साधा लिनिअर प्रोग्रॅम होतो, आणि तो मोठ्या ग्राफवरही वाजवी वेळात सोडवता येतो.

अर्धा कॅमेरा बसवता येत नाही हे उघड आहे. मग या उत्तराचा उपयोग काय? पहिला उपयोग हा, की त्याची एकूण बेरीज खऱ्या उत्तरापेक्षा मोठी असूच शकत नाही. प्रत्येक खरं कव्हर, म्हणजे ० आणि १ ची प्रत्येक योग्य मांडणी, सैल प्रश्नातही चालते. सैल प्रश्नाकडे निवडीला जास्त पर्याय आहेत, त्यामुळे त्याचं सर्वांत कमी मूल्य खऱ्या सर्वांत कमी मूल्याइतकं किंवा त्याहून कमीच निघणार. आपल्याला हवी होती ती तिसरी संख्या हीच. तिला आपण तळ म्हणू: खरं उत्तर या तळाच्या खाली जाऊ शकत नाही.

एक लहान ग्राफ घेऊन हे हातानं करून पाहू. सात बिंदू आहेत. क, ख, ग हे तिघं एकमेकांना जोडलेले, म्हणजे त्रिकोण. च या बिंदूला छ, ज, झ हे तीन बिंदू लोंबकळलेले, त्यांना दुसरं कुणीच जोडलेलं नाही. आणि त्रिकोणाला च शी जोडणारी एक रेघ आहे: क–च. एकूण सात रेघा.

त्रिकोणापुरतं पाहू. क आणि ख यांची बेरीज निदान १, ख आणि ग यांची निदान १, क आणि ग यांची निदान १. तिन्ही ओळी एकत्र मिळवल्या तर प्रत्येक संख्या दोनदा येते, आणि दुप्पट बेरीज निदान ३ निघते. म्हणजे क, ख, ग मिळून निदान १.५ लागणारच. दुसरीकडे च आणि छ यांची बेरीज निदान १ हवी. दोन्ही मिळून तळ निदान २.५. आणि २.५ गाठताही येतं: क, ख, ग प्रत्येकी अर्धा, च पूर्ण १, आणि छ, ज, झ शून्य. सगळ्या रेघा तपासून पाहा. क–च या रेघेला तर दीड मिळतं, गरजेपेक्षा जास्त. म्हणजे या ग्राफसाठी लिनिअर प्रोग्रॅमचं उत्तर नेमकं २.५ आहे.

एवढ्यावरूनच एक गोष्ट कळली. खरं कव्हर पूर्ण बिंदूंचं असतं, त्यामुळे ते २.५ पेक्षा लहान नाही म्हणजे ३ पेक्षा लहान नाही. अजून एकही कव्हर आपण काढलेलं नाही, पण खालची मर्यादा हाती आली आहे.

आता राउंडिंग. नियम एका ओळीचा: ज्या बिंदूची संख्या अर्धी किंवा त्याहून जास्त, तो घ्या. बाकीचे सोडा. आपल्या ग्राफवर क, ख, ग आणि च घेतले जातात. चार बिंदू.

हे नेहमी कव्हरच का निघतं? कुठलीही रेघ घ्या. तिच्या दोन टोकांची बेरीज निदान १ आहे. दोन्ही संख्या अर्ध्यापेक्षा कमी असत्या तर बेरीज १ पेक्षा कमी भरली असती. म्हणजे निदान एक टोक अर्धं किंवा जास्त आहे, आणि ते आपण घेतलेलं आहे. एकही रेघ उघडी राहात नाही.

आणि दुपटीची हमी कुठून येते? आपण घेतलेल्या प्रत्येक बिंदूची संख्या निदान अर्धी होती, तिची आपण १ केली. म्हणजे कुठल्याही बिंदूसाठी आपण लिनिअर प्रोग्रॅमनं मोजले त्याच्या दुपटीपेक्षा जास्त मोजलेले नाहीत. जे बिंदू सोडले त्यांच्यासाठी काहीच मोजलं नाही. मग सगळ्यांची मिळून बेरीजही तळाच्या दुपटीच्या आत राहते. आणि तळ खऱ्या उत्तराच्या खाली आहे. म्हणून आपलं कव्हर खऱ्या उत्तराच्या दुपटीपेक्षा मोठं असू शकत नाही. संपूर्ण सिद्धता एवढीच. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा काहीतरी सुटलंय असं वाटून पुन्हा वरपासून वाचली होती, पण सुटलेलं काही नाही.

आपल्या ग्राफवर सिद्धता ५ पर्यंत मुभा देत होती, निघाले ४, आणि खरं उत्तर ३ आहे (क सोडून ख, ग, च). दुप्पट ही सर्वांत वाईट परिस्थितीची मर्यादा आहे. एखाद्या ठरावीक ग्राफवर किती चुकलो याचा अंदाज याहून चांगला देता येतो: आपल्या कव्हरचा आकार भागिले तळ. इथे ४ भागिले २.५, म्हणजे १.६. तळ वर चढवून ३ धरला तर ४ भागिले ३. हा आकडा प्रत्येक वेळी उत्तरासोबत लिहून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. त्यात काही खर्च होत नाही, आणि समोरच्याला आपल्या उत्तरावर किती विसंबायचं ते कळतं.

प्रत्यक्ष करून पाहायचं असेल तर एवढा कोड पुरतो. बिंदूंना इथे क पासून झ पर्यंत 0 ते 6 असे क्रमांक दिले आहेत:

```python
from scipy.optimize import linprog

n = 7
edges = [(0,1), (1,2), (0,2), (0,3), (3,4), (3,5), (3,6)]
A = [[-1 if i in e else 0 for i in range(n)] for e in edges]
r = linprog([1]*n, A_ub=A, b_ub=[-1]*len(edges),
            bounds=(0, 1), method="highs")
cover = [i for i in range(n) if r.x[i] >= 0.5 - 1e-6]
print(r.fun, cover)
```

`linprog` ला असमतेच्या अटी "इतकं किंवा कमी" अशाच रूपात देता येतात, म्हणून दोन्ही बाजूंना वजा चिन्ह लावून "निदान १" ची अट उलटी लिहिली आहे. पण लक्ष द्यायची जागा दुसरीच आहे: `0.5 - 1e-6`. नुसतं `0.5` का नाही? सॉल्व्हर दशांशात काम करतो आणि अटी किंचितशा मोडलेल्या चालवून घेतो. एखाद्या रेघेची दोन्ही टोकं 0.49999999 निघाली तरी त्याच्या दृष्टीनं अट पाळली गेली. आपण काटेकोर अर्ध्याशी तुलना केली तर दोन्ही टोकं सुटतात आणि रेघ उघडी राहते. याहून वाईट चूक म्हणजे "अर्धा किंवा जास्त" ऐवजी "अर्ध्यापेक्षा जास्त" लिहिणं. मी एकदा हीच चूक केली होती. लोंबकळत्या बिंदूंच्या ग्राफवर सगळं बरोबर येत होतं, कारण तिथे अर्धे येतच नव्हते, आणि पहिला त्रिकोण आला तेव्हा त्याच्या तिन्ही रेघा उघड्या पडल्या. म्हणून राउंडिंग झाल्यावर प्रत्येक रेघ तपासणारी एक ओळ लिहायची सवय लावून घ्या. ही तपासणी रेघांच्या संख्येइतक्याच पावलांत होते.

आणखी एक फुकटची सुधारणा आहे. कव्हर मिळाल्यावर एकेका बिंदूकडे पाहायचं. त्याचे सगळे शेजारी कव्हरमध्ये असतील तर तो काढून टाकता येतो. आपल्या चारांत क चे शेजारी ख, ग, च तिघंही आहेत, म्हणून क निघतो आणि तीन उरतात. हमी यानं सुधारत नाही, पण प्रत्यक्षातलं उत्तर बरेचदा सुधारतं. बिंदू एकेक करून काढायचे आणि दर वेळी शेजारी नव्यानं पाहायचे. क काढल्यावर ख आता काढता येत नाही.

जाणकार वाचक इथे विचारेल: दुपटीसाठी एवढा खटाटोप कशाला? एक रेघ उचला, तिची दोन्ही टोकं घ्या, त्यांना लागलेल्या रेघा पुसा, उरलेल्यांतली दुसरी रेघ उचला. उचललेल्या रेघांची टोकं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक रेघेसाठी खऱ्या उत्तरालाही निदान एक बिंदू लागतोच, म्हणून हेही दुपटीच्या आत राहतं. अगदी खरं आहे. पण प्रत्येक बिंदूची किंमत वेगळी असेल तर ही युक्ती कोसळते. एकच रेघ घ्या, एका टोकाची किंमत १, दुसऱ्याची १००. रेघ उचलणारा १०१ मोजतो, जिथे १ पुरला असता. लिनिअर प्रोग्रॅमला फक्त बेरजेत किमती गुणायला सांगायचं. तो स्वस्त टोकाला १ देतो, महागाला ०. आणि वरची सिद्धता एक शब्दही न बदलता चालते, कारण ती प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्रपणे "दुपटीपेक्षा जास्त नाही" एवढंच म्हणत होती. किंमत काही का असेना.

आता त्या अर्ध्यांकडे येऊ. आपल्या उदाहरणात ०, अर्धा आणि १ एवढ्याच संख्या आल्या. तो योगायोग होता का? सैल प्रश्नात ०.३७ पण चालत होतं, मग ते का आलं नाही? १९७० च्या दशकात जॉर्ज नेमहाउझर आणि लेस्ली ट्रॉटर यांनी दाखवलं की या प्रश्नात अर्ध्याशिवाय दुसऱ्या अपूर्णांकाची कधी गरजच पडत नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे, आणि ते नुसत्या सरकवासरकवीनं समजतं.

समजा सैल प्रश्नाचं सर्वोत्तम उत्तर हाती आहे आणि त्यात काही विचित्र संख्या आहेत. त्यांचे दोन गट करा. ० आणि अर्धा यांच्या मधले ते खालचे, अर्धा आणि १ यांच्या मधले ते वरचे. बरोबर ०, बरोबर अर्धा आणि बरोबर १ असलेल्यांना हात लावायचा नाही. आता खालच्या सगळ्यांना एका बारीक मापानं वर उचला आणि वरच्या सगळ्यांना त्याच मापानं खाली आणा. अटी मोडतात का पाहू. भीती फक्त त्या रेघांची, ज्यांची बेरीज नेमकी १ आहे, कारण बाकीच्यांना थोडी जागा आहे. बेरीज नेमकी १ भरायची तर एक टोक खालच्यातलं आणि दुसरं वरच्यातलं असणार, किंवा अर्धा–अर्धा, किंवा ०–१. पहिल्या प्रकारात एक चढतो तेवढाच दुसरा उतरतो, बेरीज जागची हलत नाही. उरलेल्या दोन प्रकारांना आपण हातच लावलेला नाही. म्हणजे अट मोडत नाही. आणि दिशा उलटी केली, खालचे आणखी खाली आणि वरचे आणखी वर, तरी हाच हिशेब लागू पडतो.

म्हणजे दोन्ही दिशांना सरकता येतं. एका दिशेनं किंमत वाढत असेल तर उलट दिशेनं कमी होईल. पण आपण तर सर्वोत्तम उत्तर घेऊन बसलोय, ते कमी होऊच शकत नाही. म्हणून किंमत कुठल्याच दिशेनं बदलत नाही. मग अर्ध्याच्या दिशेनं सरकत राहा, कुणीतरी अर्ध्यावर पोचेपर्यंत. या दिशेनं मध्ये काही अडतही नाही, कारण वरच्या गटातल्या बिंदूचा शेजारी ० असूच शकत नाही (तशी बेरीज १ ला पोचली नसती), आणि ० नसलेल्या दोन शेजाऱ्यांना अर्ध्याकडे नेलं तर बेरीज १ च्या खाली जात नाही. एक जण अर्ध्यावर पोचला की उरलेल्यांसाठी तेच पुन्हा. शेवटी विचित्र संख्या एकही उरत नाही आणि किंमत तीच राहते.

यातून एक फार सोपा नियम हाती येतो: कुठलंही सर्वोत्तम उत्तर घ्या, त्यातले ० आणि १ तसेच ठेवा, बाकी सगळ्यांच्या जागी सरळ अर्धा लिहा. ते अजूनही सर्वोत्तमच असतं. काही सॉल्व्हर, विशेषतः इंटिरिअर पॉइंट पद्धतीचे, ०.३ आणि ०.७ असल्या संख्या देतात तेव्हा हे कामी येतं.

पण इथे एक सावधगिरी. चार बिंदूंचं चौकोनी चक्र घ्या आणि सॉल्व्हरनं ०.३, ०.७, ०.३, ०.७ असं उत्तर दिलं असं समजा. बेरीज २. आहे तसंच राउंडिंग केलं तर दोन बिंदू मिळतात, जे खरोखर सर्वोत्तम आहे. सगळ्यांना आधी अर्धे केलं तर चारही घ्यावे लागतात. हमी दोन्हीकडे तीच, प्रत्यक्ष उत्तर मात्र वेगळं. अर्धे करण्याचा उपयोग ग्राफचा अभ्यास करायला आहे, राउंडिंगच्या आधी डोळे मिटून करायला नाही.

त्या चौकोनात अर्ध्यांशिवाय भागत होतं, त्रिकोणात भागत नव्हतं. फरक विषमतेचा आहे. बिंदूंचे दोन गट करता येत असतील आणि प्रत्येक रेघ एका गटातून दुसऱ्या गटात जात असेल, तर विचित्र संख्या सरकवताना एका गटाला चढवून दुसऱ्याला उतरवता येतं आणि अर्ध्यांनाही सरकवता येतं. तिथे शेवटी फक्त ० आणि १ उरतात, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमच खरं उत्तर देऊन टाकतो. विषम लांबीचं चक्र आलं की गटांची ही पाळी जुळत नाही, आणि अर्धा तिथे अडकून बसू शकतो. म्हणून अर्धे कशानंच टाळता येत नसतील तर समजायचं: कुठेतरी विषम चक्र आहे.

दुपटीची मर्यादा या पद्धतीत खाली ओढता येईल का? सरसकट सगळ्या ग्राफसाठी, याच लिनिअर प्रोग्रॅमच्या तळाच्या आधारानं, नाही. शंभर बिंदू घ्या आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा. प्रत्येकाला अर्धा दिला की बेरीज ५०, सगळ्या अटी पाळल्या. पण खऱ्या कव्हरमधून कुठलेही दोन बिंदू एकाच वेळी सोडता येत नाहीत, कारण त्या दोघांमधली रेघ उघडी पडेल. म्हणून खरं उत्तर ९९. तळ ५०, छत ९९, अंतर १.९८ पट. बिंदू वाढवत नेले की हे अंतर २ च्या हवं तितकं जवळ जातं. इथे राउंडिंग १०० देतं आणि खरं उत्तर ९९ आहे, म्हणजे राउंडिंगचं काम उत्तमच झालं. तोकडा पडला तो तळ. त्याच्याकडे पाहून कुणालाही दुपटीपेक्षा चांगलं वचन देता येणार नाही.

दुसऱ्या कुठल्या युक्तीनं जमेल का, हा प्रश्न खूप खोल जातो. इरित दिनूर आणि श्मुएल साफ्रा यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं की १.३६ पटीच्या आतलं वचन झटपट देता येणं हेसुद्धा एनपी-हार्ड, म्हणजे निदान कार्प यांच्या यादीतल्या प्रश्नांइतकं अवघड आहे. सुभाष खोत आणि ओडेड रेगेव्ह यांनी दाखवलं की युनिक गेम्स कंजेक्चर नावाचं एक अनुमान खरं असेल तर २ पेक्षा थोडंही कमी असं कुठलंच स्थिर प्रमाण गाठणं तितकंच अवघड आहे. ते अनुमान अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणजे एका ओळीच्या या राउंडिंगपलीकडे ठोस पाऊल टाकणं कदाचित अशक्यच असेल, आणि हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण तळ तोकडा असला तरी त्यातले ० आणि १ मात्र भरवशाचे असतात. नेमहाउझर आणि ट्रॉटर यांचा दुसरा निष्कर्ष हाच: ०, अर्धा, १ असं सर्वोत्तम सैल उत्तर घ्या, तर एक खरं सर्वोत्तम कव्हर असं नक्की असतं, ज्यात १ वाले सगळे आहेत आणि ० वाला एकही नाही. म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमनं ज्यांच्याबद्दल ठाम मत दिलं, त्यांच्याबद्दल तो बरोबर आहे. शंका फक्त अर्ध्यांपुरती.

का ते पाहू. कुठलंही खरं सर्वोत्तम कव्हर घ्या. त्यात १ वाले जे राहिलेत ते घाला आणि ० वाले जे असतील ते काढा. नवा संच कव्हरच आहे, कारण ० वाल्याचे सगळे शेजारी १ वालेच असतात, आणि ते आता सगळे आत आहेत. किंमत वाढली असेल का? समजा वाढली, म्हणजे घातलेल्यांची किंमत काढलेल्यांपेक्षा जास्त होती. मग सैल उत्तरात परत जा, घातलेल्यांना १ वरून अर्ध्यावर आणा आणि काढलेल्यांना ० वरून अर्ध्यावर न्या. अटी टिकतात: घातलेला बिंदू मूळ कव्हरमध्ये नव्हता, म्हणून त्याचा प्रत्येक ० वाला शेजारी त्या कव्हरमध्ये असलाच पाहिजे होता, म्हणजे तो काढलेल्यांत आहे आणि आता त्याला अर्धा मिळालाय. अर्धा अधिक अर्धा, एक. पण या अदलाबदलीनं सैल उत्तर आणखी स्वस्त झालं, आणि ते तर आधीच सर्वांत स्वस्त होतं. विसंगती. म्हणून किंमत वाढत नाही.

आपल्या सात बिंदूंवर याचा अर्थ असा: च नक्की घ्या, छ, ज, झ नक्की सोडा, त्यांच्या रेघा पुसा. उरला नुसता त्रिकोण. सातांचा प्रश्न तीनांचा झाला, आणि त्यात उत्तराला काही धक्का लागला नाही. त्रिकोणातले कुठलेही दोन घेतले की एकूण तीन, आणि हे खरं सर्वोत्तम आहे याची खात्रीही आहे. मोठ्या ग्राफवर अचूक उत्तर शोधणारे प्रोग्रॅम सुरुवातीला बरेचदा हीच छाटणी करतात. सगळ्यांची किंमत सारखी असेल आणि k आकाराचं कव्हर आहे का एवढंच विचारायचं असेल, तर छाटणीनंतर उरलेल्या अर्ध्यांची संख्या 2k पेक्षा जास्त भरली, की थेट "नाही" म्हणता येतं, कारण उरलेल्या भागाचा तळच त्यांच्या निम्मा आहे.

छाटणी कधी निरुपयोगी ठरते तेही लगेच दिसतं. सगळेच अर्धे आले तर एकाही बिंदूबद्दल निर्णय होत नाही. सगळे सगळ्यांशी जोडलेल्या ग्राफवर नेमकं हेच होतं. घनदाट ग्राफवर लिनिअर प्रोग्रॅम सोडवून "सगळे अर्धे" एवढंच उत्तर मिळालं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. त्या ग्राफबद्दल या पद्धतीला एवढंच सांगता येतं.

पण सगळे अर्धे असले तरी ग्राफचा आकार माहीत असेल तर दुपटीच्या खाली उतरता येतं. अर्ध्या बिंदूंना रंग द्या, शेजाऱ्यांना एक रंग येणार नाही असे. एका रंगाच्या बिंदूंमध्ये रेघ नसते, आणि त्यांच्या ० वाल्या शेजाऱ्याची भीती नाही, कारण अर्ध्याचा शेजारी ० असू शकत नाही. मग ज्या रंगाची एकूण किंमत सर्वांत जास्त, तो अख्खा रंग सोडून द्या, बाकीचे अर्धे घ्या. कव्हर टिकतं. चार रंग पुरले तर अर्ध्यांच्या किमतीचा निदान चौथा भाग वाचला. अर्ध्यांचा तळ त्यांच्या किमतीच्या निम्मा होता, आपण जास्तीत जास्त पाऊण मोजतोय, म्हणजे दुपटीऐवजी दीडपट. कागदावर रेघा एकमेकींना न छेदता काढता येणाऱ्या कुठल्याही ग्राफला चार रंग पुरतात, आणि तसं रंगवणं झटपट करताही येतं, त्यामुळे तिथे दीडपटीची हमी मिळते. सुरुवातीच्या इमारतीचा एकच मजला असेल आणि कॉरिडॉर फक्त कोपऱ्यांवरच भेटत असतील, तर तिचा नकाशा याच जातीचा असतो. आणि आपल्या त्रिकोणाला तीन रंग लागतात: एक रंग सोडला की क, ख, ग मधले दोन उरतात, सोबत च, म्हणजे तीनच.